फोटोवरून काढलेलं चित्र नेमकं कोणाचं?

*ताई, मी डिजिटल चित्रं काढते. इंटरनेटवर एक फोटो दिसला : खिडकीपाशी बसून जाळं विणणारा म्हातारा. त्यावरून चित्र केलं. रंग सगळे बदलले, जाड ब्रशचे फटकारे मारले, मागची भिंत काढून टाकली. तीन आठवडे लागले. चित्राखाली फोटोग्राफरचं नावही लिहिलं. प्रिंट विकायला ठेवल्या आणि फोटोग्राफरचा मेल आला, विक्री थांबवा म्हणून. मित्र सांगतात, तीस टक्क्यांहून जास्त बदल केला की चित्र आपलं होतं. मग हे चित्र कोणाचं? आणि नाव दिलं असताना परवानगी कशाला लागते?*

विक्री आजच थांबवा आणि त्या मेलला दोन ओळींचं उत्तर धाडा : मेल मिळाला, विक्री बंद केली आहे, दोन दिवसांत सविस्तर लिहिते. माफी, खुलासा, भांडण यातलं काहीही त्यात नको. बाकीचं आपण निवांत बोलू.

तीस टक्क्यांचा नियम मीही वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. कोणी वीस टक्के सांगतं, कोणी 'सात बदल केले की झालं' म्हणतं. असा आकडा कुठल्या कायद्यात लिहिलेला मला आजवर सापडलेला नाही, आणि मोजायचं तरी कसं? न्यायालय हिशेब उलट्या बाजूने करतं. तुम्ही किती बदललं यापेक्षा मूळ फोटोतलं काय उचललं, हे ते आधी बघतं. अमेरिकेत आर्ट रॉजर्स या फोटोग्राफरचा एक कृष्णधवल फोटो होता, बाकावर बसलेलं जोडपं आणि त्यांच्या मांडीवर ओळीने कुत्र्याची पिल्लं. जेफ कून्स यांनी त्यावरून चक्क शिल्प करून घेतलं. पिल्लं निळी, माणसांच्या केसांत फुलं, नाकं फुगवलेली. माध्यम बदललं, रंग बदलले, आकार बदलला. तरीही 1992 साली निकाल कून्स यांच्या विरोधात गेला, कारण मांडणी आणि भाव जसेच्या तसे रॉजर्स यांचे होते. तुमच्या मित्रांच्या टक्केवारीत हे शिल्प सहज पास झालं असतं.

आता तुमची फाइल उघडा. मूळ फोटो सर्वांत खालच्या लेयरवर असेलच. चित्राच्या लेयरची अपारदर्शकता निम्म्यावर आणा आणि नीट बघा. म्हाताऱ्याची मान किती कललेली आहे? उजवा हात कुठे थांबलाय, दोरा ताणलेला आहे की सैल? उजेड कुठल्या गालावर पडलाय आणि सावलीची कड नाकाच्या कुठून जाते? कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या पातळीला होता की खाली बसून फोटो काढलाय? यातलं जे जे दोन्ही लेयरवर जुळेल, ते फोटोग्राफरचं. जागा, कोन, उजेड, चौकट आणि नेमका तो क्षण या सगळ्याची निवड त्याने केली आणि कायदा ती निवड जपतो.

म्हातारा मात्र त्याचा नाही. जाळं त्याचं नाही, जाळं विणणारा माणूस खिडकीत बसवण्याची कल्पनाही त्याची नाही. ती कोणीही वापरावी. तुमची शैलीसुद्धा अशीच मोकळी आहे, म्हणजे उद्या तुमच्यासारखेच जाड फटकारे दुसऱ्या कोणी मारले तर तुम्हाला अडवता येणार नाही. तुमच्या मालकीचं आहे ते या एका चित्रात तुम्ही प्रत्यक्ष उतरवलेलं : हे रंग, हे फटकारे, भिंतीच्या जागी सोडलेली ही मोकळीक.

हा निम्म्या पारदर्शकतेचा प्रयोग मी एका फजितीतून शिकले. एका मासिकात चित्रांचं काम बघत असताना मुखपृष्ठासाठी एक व्यक्तिचित्र मागवलं होतं. देखणं आलं. छापून झाल्यावर एका फोटोग्राफरचा फोन आला, 'डोळ्यांतला ठिपका बघा.' दोन्ही बुबुळांत उजेडाचा छोटा चौकोन होता आणि त्याचा खालचा कोपरा तिरका कापलेला. तो तिच्या स्टुडिओतल्या दिव्याचा पडदा होता, एका बाजूने फाटलेला. चित्रकाराने सगळा चेहरा नव्याने रंगवला, पण तो ठिपका इमानाने उतरवून घेतला होता. चित्रकार म्हणत राहिला, मी फक्त संदर्भ घेतला. आम्ही मुकाट्याने पैसे भरले.

तर मालकीचं उत्तर असं. तुमच्या चित्रात दोन थर आहेत. खालचा फोटोग्राफरचा, वरचा तुमचा. मूळ कृतीवरून बेतलेल्या अशा कामाला रूपांतर म्हणतात, आणि कॉपीराइटबद्दलच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराचा पायाच असा आहे की रूपांतराला स्वतंत्र संरक्षण मिळतं, पण मूळ कृतीवरच्या हक्काला त्याने धक्का लागत नाही. परवानगी घेऊन केलेलं चित्र असेल तर कुलूप दोन्ही बाजूंनी लागतं. फोटोग्राफरच्या होकाराशिवाय तुम्हाला ते विकता येत नाही, आणि फोटोग्राफरलाही 'फोटो माझाच होता' म्हणून तुमचं चित्र कॅलेंडरवर छापता येत नाही. तिसऱ्या कोणाला ते वापरायचं असेल, तर त्याला दोघांचीही संमती लागते.

परवानगीशिवाय केलेल्या चित्राची गोष्ट जास्त अवघड. अमेरिकेच्या कायद्यात तर स्पष्ट लिहिलंय की दुसऱ्याची कृती बेकायदा वापरली असेल, तर ती जिथे जिथे वापरली त्या भागाला संरक्षण मिळत नाही. तुमच्या चित्रात फोटो सगळीकडेच पसरलेला आहे. म्हणजे तीन आठवडे घाम गाळूनही, उद्या कोणी तुमची प्रिंट चोरली तर तुम्हाला भांडायला पाय टेकायला जागा नसावी, अशी वेळ येऊ शकते. फोटो अॅपमध्ये टाकून एका टिचकीत 'तैलरंग' करणाऱ्यांचं तर विचारूच नका. त्यांच्या वरच्या थरात स्वतःची निवड म्हणावी असं फारसं काही नसतंच.

आता नाव आणि परवानगी. या दोहोंचा गोंधळ कुठवर जातो, हे दाखवणारा एक खटला सावकाश सांगते, कारण त्यात तुमचे सगळे प्रश्न आहेत.

1981 साली लिन गोल्डस्मिथ यांनी गायक प्रिन्स यांचे फोटो आपल्या स्टुडिओत काढले. दिवे त्यांनी चेहऱ्याची हाडं उठून दिसतील असे लावले, पापण्यांवर रंग आणि ओठांना चमकही त्यांनीच लावली. त्या फोटोतला प्रिन्स हा असा घडवलेला होता. 1984 मध्ये 'व्हॅनिटी फेअर' मासिकाला प्रिन्सवरच्या लेखासाठी चित्र हवं होतं. गोल्डस्मिथ यांच्याकडून त्यांनी एक कृष्णधवल फोटो चारशे डॉलरला घेतला. अट साधी होती : चित्रकाराला संदर्भ म्हणून, एकदाच वापर, फोटोग्राफरचं नाव द्यायचं, याहून दुसरा हक्क नाही. चित्रकार होते अँडी वॉरहॉल. जांभळ्या चेहऱ्याचं चित्र मासिकात आलं, खाली गोल्डस्मिथ यांचं नाव आलं. इथवर सगळं कसं असावं याचा नमुना.

पण वॉरहॉल यांनी त्याच फोटोवरून एक नाही, सोळा कृती केल्या होत्या. 2016 साली प्रिन्स गेले. त्याच प्रकाशनसमूहाने विशेषांक काढला आणि मुखपृष्ठावर यातलंच नारिंगी चित्र छापलं. वॉरहॉल फाउंडेशनला दहा हजार डॉलर मिळाले. गोल्डस्मिथ यांना एक पैसा नाही आणि नावही नाही. सोळा चित्रं आहेत हे त्यांना कळलं तेच मुळी तेव्हा. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि मे 2023 मध्ये सात विरुद्ध दोन असा निकाल त्यांच्या बाजूने लागला. न्यायालयाचं म्हणणं असं : गोल्डस्मिथ यांचा फोटो ज्या कामासाठी मासिकांना विकला जातो, म्हणजे प्रिन्सवरच्या लेखासोबत प्रिन्सचा चेहरा, नेमक्या त्याच कामासाठी हे चित्रही विकलं गेलं. नवी शैली, नवा अर्थ एवढ्यावर तो 'न्याय्य वापर', म्हणजे परवानगी न घेताही चालणारा वापर, ठरत नाही.

दोन बारकावे इथे सुटू देऊ नका. एक, निकाल 2016 च्या त्या वापरापुरता होता. ती मूळ चित्रं काढणं, दाखवणं, विकणं यावर न्यायालयाने मुद्दाम मत दिलं नाही. म्हणजे प्रश्न चित्राच्या जन्मापाशी संपत नाही, दर वापराला तो नव्याने उभा राहतो. दुसरा, न्याय्य वापराची ही अमेरिकी मुभा बरीच सैल आहे. भारतासकट अनेक देशांत कायदा अभ्यास, टीका, वार्तांकन अशी कारणं मोजून देतो, आणि शोभेच्या प्रिंट विकणं त्यात बसवणं कठीण.

या गोष्टीत 1984 साली नाव आणि परवानगी दोन्ही होत्या, 2016 साली दोन्ही नव्हत्या. तुमच्याकडे नाव आहे, परवानगी नाही. नाव देणं म्हणजे ही वस्तू कोणाची आहे ते मी जाणते असं सांगणं. ती वापरायला मिळाली की नाही, हे त्यातून कळत नाही. शेजाऱ्याची सायकल न विचारता नेली आणि तिच्यावर त्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवली, तर चोरीचा पुरावा तेवढा आपणच लिहून ठेवला. उलट बाजूही खरी आहे. परवानगी मिळाली, पैसे दिले, म्हणून नाव गाळता येतं असं नाही. बऱ्याच देशांत कर्त्याचा नावाचा हक्क पैशांच्या व्यवहारापासून वेगळा असतो, आणि कृतीची मोडतोड करून आपली अप्रतिष्ठा केली तर हरकत घेण्याचा हक्कही त्याच्यासोबत असतो. भिंत काढून टाकणं तुम्हाला सुधारणा वाटली, त्याला मोडतोड वाटू शकते. ते विचारूनच घ्यावं.

परवानगी कधीकधी आधीच दिलेली असते, म्हणून पहिलं काम, फोटो जिथे मिळाला ते पान पुन्हा उघडा आणि परवाना वाचा. तिथे `CC BY 4.0`, म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्सचा 'नाव देऊन वापरा' हा परवाना असेल तर तुम्ही जिंकलात. रूपांतर करता येतं, विकताही येतं, फक्त नाव, परवान्याचा उल्लेख आणि 'बदल केला आहे' हे लिहावं लागतं. हे तिसरं बहुतेक जण विसरतात. `NC` दिसलं तर विक्री बाद. `SA` दिसलं तर तुमचं चित्रही त्याच परवान्याखाली मोकळं करावं लागतं. आणि `ND` असेल तर रूपांतर घरी करून ठेवा, पण लोकांपुढे टाकता येत नाही, फुकटसुद्धा नाही. काहीच लिहिलेलं नसेल तर सगळे हक्क राखीव. 'इंटरनेटवर होता' हा परवाना नव्हे. तुम्हाला थेट मेल आलाय त्यावरून माझा अंदाज, इथे काही लिहिलेलं नसावं.

मग मेल लिहायचा. तुमच्याजागी मी असते तर असा लिहिला असता :

'तुमच्या फोटोवरून मी केलेलं चित्र सोबत जोडलं आहे. आधी विचारायला हवं होतं, ते मी केलं नाही. आतापर्यंत अमुक प्रिंट विकल्या, त्यातून अमुक रक्कम आली. त्यातला तुमचा हिस्सा सांगा, मी देते. पुढे ए-थ्री आकाराच्या पन्नास क्रमांकित प्रिंट दोन वर्षांत विकण्याची परवानगी मिळेल का? प्रत्येक प्रिंटच्या विक्रीतला ठरावीक हिस्सा तुमचा. प्रिंटवर आणि ऑनलाइन दोन्हीकडे अशी ओळ असेल : "चित्र : (माझं नाव). मूळ छायाचित्र : (तुमचं नाव), परवानगीने रूपांतरित." पुस्तक, जाहिरात, कपडे किंवा दुसऱ्या कोणाला वापरू देणं यासाठी मी दर वेळी वेगळं विचारीन. वरच्या थरावरचा हक्क माझा, फोटोवरचा तुमचा, हे दोघांना मान्य असावं.'

विकलेल्या प्रिंटचा आकडा खरा लिहा. संख्या, मुदत आणि वापर ही तिन्ही कलमं ठळक असू द्या, कारण गोल्डस्मिथ प्रकरणात गाडी अडली ती नेमकी 'एकदाच' या शब्दावर. मोघम परवानगी दोघांनाही महागात पडते. मुदत लिहिलीच नाही, तर भारताच्या कायद्यात ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. ऑनलाइन विकणाऱ्याला हे दुसरं चांगलंच बोचेल. फोनवर 'हो हो, करा की' मिळालं तरी ते मेलवर लिहून घ्या.

होकार देणारा माणूस होकार द्यायला मोकळा आहे ना, हेही त्याच मेलमध्ये हळूच विचारा. फोटो काढणारा आणि फोटोचा मालक एकच असतो असं नाही. नोकरीत काढलेला फोटो बहुधा मालकाचा असतो. पैसे देऊन काढून घेतलेला फोटो, वेगळा करार नसेल तर, भारतात काढून घेणाऱ्याचा ठरतो. अमेरिकेत तो सहसा फोटोग्राफरकडेच राहतो. शिवाय तो म्हातारा. त्याच्या चेहऱ्याच्या प्रिंट विकल्या जाणार आहेत हे त्याला माहीत आहे का आणि त्याची लेखी संमती फोटोग्राफरकडे आहे का, हेही विचारा. हा कॉपीराइटचा प्रश्न नाही, पण भांडण मात्र तुमच्याच दारात येईल.

एक मोह टाळा. 'फोटो हा नव्हताच, मी दुसऱ्यावरून केलं' असं काही लिहू नका आणि लेयरवाली फाइल पुसू नका. बराक ओबामांचं 2008 चं लाल-निळं 'होप' पोस्टर आठवत असेल. शेपर्ड फेअरी यांनी ते एका वृत्तसंस्थेच्या फोटोवरून केलं होतं. वाद झाल्यावर त्यांनी भलताच फोटो पुढे केला, फाइली पुसल्या, खोटे पुरावे तयार केले. कॉपीराइटचा दावा 2011 मध्ये तडजोडीने मिटला, म्हणजे कदाचित त्यांची बाजू टिकलीही असती, कोण जाणे. पुरावे बिघडवल्याबद्दल मात्र 2012 मध्ये तुरुंगाऐवजी दोन वर्षांची देखरेख आणि पंचवीस हजार डॉलर दंड झाला. तुमची ती फाइल उलट तुमच्या कामाची आहे. वरच्या थरात तुमचं काय काय आहे, हे तीच दाखवणार.

आणि फोटोग्राफर नाही म्हणाला तर? तो त्याचा हक्क आहे, कारण द्यायलाही तो बांधील नाही. मग ते चित्र पानावरून काढा आणि नव्याने सुरुवात करा, पण फोटो समोर ठेवून नको. जाळं विणणारा कोणी खरोखर गाठा, त्याची संमती घ्या आणि स्वतः बसून दोनशे फोटो काढा. खिडकीऐवजी दाराचा उजेड घ्या, कॅमेरा खाली जमिनीला लावा, हात जवळून टिपा, दोरा तुटतो तो क्षण पकडा. जुना फोटो तुमच्या डोक्यात इतका भिनलेला असेल की हात आपोआप त्याच मांडणीकडे जाईल. म्हणून पहिलं कच्चं रेखाटन झालं की पुन्हा तेच करा : जुना फोटो खाली, नवं रेखाटन वर, अपारदर्शकता निम्मी. मान कुठे जुळते का ते आधी बघा.